ऊर भरून येतो की हृदय भरून जाते?

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून सगळ्या महाराष्ट्रात मराठी भाषा गौरव दिन. नाशिकला तर हा घरचाच सण. तात्यासाहेब शिरवाडकर इथं राहिले, इथं लिहिते झाले, आणि त्यांच्या गावातल्या शाळांत या दिवशी भाषणं, काव्यवाचन, हस्तलिखिताचं प्रकाशन असं काही ना काही होतंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून भाषणांना आणखी एक विषय मिळाला. पण अलीकडे ही भाषणं एकाच साच्यातून काढल्यासारखी येऊ लागली आहेत. ‘मराठी ही केवळ एक भाषा नाही, तर ती आपल्या संस्कृतीचा समृद्ध वारसा आहे.’ पंचवटीतल्या मुलीचं भाषण या वाक्यानं सुरू होतं, आणि तिला कधी न भेटलेल्या मनमाडच्या मुलाचंही.

पाठ करून आणलेलं भाषण आपल्याला नवं नाही. निबंधाची पुस्तकं, गाइडं, मोठ्या भावाची जुनी वही हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. फरक एवढाच की गाइडातला निबंध शिक्षकाला तोंडपाठ असायचा, दुसऱ्या ओळीला चोरी पकडता यायची. फोनमधलं यंत्र प्रत्येकाला वेगळा मजकूर देतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, जून २०२४ मध्ये गुगलचं जेमिनी अ‍ॅप मराठीसह नऊ भारतीय भाषांत भारतात उतरलं, आणि आता नववीतला मुलगा विषय बोलून सांगतो नि अर्ध्या मिनिटात निबंध हातात पडतो. शब्द प्रत्येक वेळी निराळे, बांधणी तीच. म्हणून शब्द शोधून भागत नाही, बांधणी वाचता आली पाहिजे. आणि ती वाचण्याचं काम मराठीच्या शिक्षकाइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकेल, असं मला वाटत नाही.

एक नमुना घेऊन बसू. दहावीच्या मुलांना आत्मकथन हा निबंधप्रकार असतो, आणि निफाड, चांदवड, येवल्याकडे ‘कांद्याचे मनोगत’ हा विषय कुठल्याही शिक्षकाला सुचणारच. यंत्र या विषयावर जसं लिहितं तसा एक परिच्छेद या लेखासाठी मांडला आहे.

‘मी एक कांदा आहे. माझा जन्म महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यातील एका शेतात झाला, जो कांदा उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. शेतकरी त्यांच्या कठोर परिश्रमाने माझे संगोपन करतात आणि मला आवश्यक पोषण प्रदान करतात. मी केवळ एक भाजी नाही, तर भारतीय पाककलेचा आत्मा आहे. बाजारातील अस्थिरता माझ्यासाठी एक मोठे आव्हान आहे. तथापि, दिवसाच्या शेवटी, जेव्हा मी एखाद्या कुटुंबाच्या ताटात पोहोचतो, तेव्हा माझे हृदय आनंदाने भरून जाते. चला, आम्ही सर्व मिळून शेतकऱ्यांचा सन्मान सुनिश्चित करूया.’

शुद्धलेखनाची चूक नाही, विरामचिन्हं जागच्या जागी. घाईत तपासणारा शिक्षक दहापैकी सात-आठ गुण देऊन मोकळा होईल. पहिल्यांदा खटकतात ते शब्द: परिश्रम, संगोपन, प्रदान, तथापि, सुनिश्चित. एवढं संस्कृत नववी-दहावीचं पोर लिहिणार नाही, म्हणजे हे यंत्राचं, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण जड संस्कृत शब्द ही यंत्राची मक्तेदारी नाही. ती आपल्या शाळेचीच देणगी आहे.

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. सावरकर इथल्या भगूरचे. त्यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द आज आपण श्वासाइतक्या सहज वापरतो. पुढे राज्य झालं, १९६० मध्ये भाषा संचालनालय आलं, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि कारभाराची मराठी संस्कृत धातूंवर उभी राहिली. ती परिपत्रकांतून शाळेत आली, पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या वहीत गेली. चांगलं मराठी म्हणजे जड मराठी, हे मुलांना आपणच शिकवलं. त्यामुळे ‘संगोपन’ लिहिणारा मुलगा कदाचित तुमचाच आज्ञाधारक विद्यार्थी असेल.

मग पारख कशी करायची? जडपणाचेही प्रकार असतात, आणि ते ओळखता येतात. कचेरीच्या जडपणात ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’, ‘नमूद’, ‘सबब’ असे शब्द असतात. मूल अर्ज लिहिताना ते वापरतं आणि बरेचदा चुकीच्या जागी वापरतं. निबंधाच्या पुस्तकाचा जडपणा निराळा. तिथं रम्य सकाळ असते, पक्ष्यांचा किलबिलाट असतो, शेतकरी हा बळीराजा आणि जगाचा पोशिंदा असतो, जमीन काळी आई असते. हे शब्द झिजलेले खरे, पण मराठी मातीतले आहेत. पोळ्याच्या दिवशी, सभेत, कीर्तनात ते आपण ऐकलेले असतात.

यंत्राचा जडपणा या दोन्ही घरचा नाही. त्याचे लाडके शब्द पाहा: प्रदान करणे, सुनिश्चित करणे, सक्षम करणे, महत्त्वपूर्ण भूमिका बजावणे, विविध पैलू, समृद्ध वारसा, सर्वांगीण विकास. यांतला ‘प्रदान’ मराठीत होता, पण पुरस्काराला आणि पदवीला. पदवी प्रदान करतात, खत कुणी प्रदान करत नाही. ‘सुनिश्चित करणे’ तर हिंदी सरकारी जाहिरातीतून थेट उचलून आणलेलं. मराठी माणूस ‘खात्री करून घेतो’, ‘नीट बघतो’, ‘चुकणार नाही अशी व्यवस्था करतो’. नमुन्यातल्या ‘पोषण प्रदान करतात’च्या जागी निफाडचा मुलगा ‘खत-पाणी घालतात’ लिहील, आणि निबंधाच्या पुस्तकातला लेखकसुद्धा तेच लिहील. शब्द संस्कृत आहे की नाही, हे बघण्यात अर्थ नाही. तो मराठीत ज्या कामाला लावला जातो त्याच कामाला इथं लावलाय का, हे बघावं.

हे असं का होतं, तेही समजून घेतलेलं बरं. ही यंत्रं इंटरनेटवरच्या अफाट मजकुरावर शिकतात. ‘कॉमन क्रॉल’ नावाचा असा एक मोठा, सर्वांना खुला संग्रह आहे. त्यात जवळपास निम्मा मजकूर इंग्रजीतला, आणि मराठीचा वाटा टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. जी थोडी मराठी नेटवर आहे, तीतही सरकारी संकेतस्थळं, बातम्या आणि भाषांतरित मजकूर यांची गर्दी. गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी मे २०१३ मध्ये आली, आणि तेव्हापासून यंत्रानंच भाषांतर केलेली मराठी पानं नेटवर साठत गेली. पुढची यंत्रं तीही वाचून शिकली. आपली घरातली, बांधावरची, बाजारातली मराठी यात फारशी नाहीच, कारण ती कुणी टाइप करून ठेवलेली नाही. हिंदीचा मजकूर मात्र मराठीपेक्षा कितीतरी जास्त आणि लिपीही तीच. म्हणून इंग्रजी विचार हिंदीच्या रस्त्यानं मराठीत उतरल्याची खूण अनेक वाक्यांत दिसते.

शब्दांच्या खाली वाक्याची हाडं असतात. खरी ओळख तिथं पटते. नमुन्यातलं तिसरं वाक्य घ्या. ‘शेतकरी त्यांच्या कठोर परिश्रमाने...’ त्यांच्या म्हणजे कुणाच्या? मराठीत कर्ता स्वतःच्या गोष्टीबद्दल बोलत असेल तर ‘आपला’ येतो. शेतकरी आपल्या शेतात राबतो, आई आपल्या मुलाला जवळ घेते. ‘आई तिच्या मुलाला जवळ घेते’ म्हटलं की क्षणभर वाटतं, शेजारणीच्या मुलाला घेतेय की काय. इंग्रजीत हा भेद नाही, तिथं दोन्हीकडे एकच सर्वनाम. म्हणून यंत्राच्या मराठीत ‘त्याच्या’, ‘तिच्या’, ‘त्यांच्या’ यांची खोगीरभरती होते आणि ‘आपला’ पातळ होत जातो. मुळात एवढी सर्वनामंही मराठीला लागत नाहीत. ‘मी माझे हात धुतले आणि मी माझ्या खोलीत गेलो’ असं कुणी बोलत नाही. ‘हात धुतले नि खोलीत गेलो’, झालं.

शेवटच्या वाक्यात याहून स्पष्ट खूण आहे. ‘चला, आम्ही सर्व मिळून...’ ‘चला’ म्हणून समोरच्याला बोलवायचं आणि लगेच ‘आम्ही’ म्हणून त्याला वगळायचं, हे मराठी मुलाच्या हातून होत नाही. आपण आणि आम्ही यांतला फरक तीन वर्षांचं पोर जाणतं. ‘आपण जत्रेला जाऊ’ म्हटलं की ते चपला शोधतं, ‘आम्ही जत्रेला जाऊ’ म्हटलं की रडायला लागतं. इंग्रजीत आणि हिंदीत हा भेद एका शब्दात मिटलेला आहे, त्यामुळे यंत्र तिथं अडखळतं. नवी यंत्रं ही चूक पहिल्यापेक्षा कमी करतात. लांब मजकुरात मात्र ती कुठं ना कुठं डोकावते, विशेषतः आवाहनाच्या शेवटच्या परिच्छेदात.

‘एका शेतात झाला, जो कांदा उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे’ हे वाक्यही थांबून वाचण्यासारखं आहे. प्रसिद्ध कोण? शेत असेल तर ‘जे’ हवं. जिल्हा असेल तर ‘जो’ बरोबर, पण तो तीन शब्द मागे राहिला. इंग्रजीत माहितीचं शेपूट नामाच्या मागून जोडतात. मराठीत ती माहिती नामाच्या आधी येते: ‘कांद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिक जिल्ह्यात’. किंवा सरळ दोन वाक्यं करतात. ‘जो... तो’ची जोडी मराठीत आहेच, पण तिथं ‘जो’ आधी येतो: ‘जो राबेल तो खाईल.’ वाक्य संपल्यावर स्वल्पविराम देऊन चिकटवलेला ‘जो’, ‘जे’, ‘ज्यामुळे’ एकाच पानावर तीन-चारदा दिसला, तर पेन्सिलीनं खूण करून ठेवावी. ‘एक’ची गोष्ट तशीच. मी एक कांदा, एका शेतात, एक भाजी, एक मोठे आव्हान. सात वाक्यांत चार ‘एक’, आणि त्यांतला एकही मोजण्यासाठी आलेला नाही. आत्मकथनात मराठी मूल म्हणतं ‘मी कांदा’, किंवा शाळेतल्या जुन्या रीतीनं ‘मी कांदा बोलतोय’.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. ‘दिवसाच्या शेवटी’ हा इंग्रजी वाक्प्रचार शब्दाला शब्द ठेवून आणलेला आहे, हे कुणालाही दिसेल. कांद्याचा दिवस संपत नाही. मुलाला म्हणायचंय ‘शेवटी’, ‘एवढं सगळं होऊन’. असे उघडे वाक्प्रचार दिवसेंदिवस कमी होतील. ‘हृदय आनंदाने भरून जाते’ मात्र जास्त फसवं आहे, कारण त्यात वरवर काही चुकलेलं नाही. मराठीत ऊर भरून येतो, मन भरून येतं, डोळे भरून येतात, आभाळ भरून येतं. आतून दाटून वर येणाऱ्या गोष्टीला आपण ‘येणं’ जोडतो. ‘भरून जाणं’ हे रस्त्याचं, मैदानाचं, गोदाघाटाचं. सिंहस्थात घाट माणसांनी भरून जातो. ही सहायक क्रियापदं कुठल्या व्याकरणाच्या तासाला पूर्ण शिकवता येत नाहीत, ती कानातून येतात. कांदा सडला, सडून गेला, सडत पडला, सडत चाललाय: चारही वाक्यांत गोष्ट एकच, पण बोलणाऱ्याचं मन चार ठिकाणी. यंत्राच्या निबंधात यांतलं बहुतेक पहिलंच सापडतं, आणि तेही ‘कांद्याची नासाडी होते’ असं नाम करून.

जे आहे त्याइतकंच जे नाही तेही वाचावं. नमुन्याच्या परिच्छेदात एकदाही ‘च’ नाही. ‘तर’ आहे, पण तो ‘केवळ नाही, तर’मधला. ‘म्हणे’ नाही, ‘ना’ नाही, ‘बरं का’ नाही. मराठी माणूस दोन ओळी बोलला तरी ‘लावलाच’, ‘आलाच नाही’, ‘मी तर म्हणते’ असं काहीतरी येतंच, आणि मुलांच्या लेखनात ते आपोआप उतरतं. निबंधाच्या वहीतून आपणच ते बोलीभाषा म्हणून खोडत आलो, हे वेगळं. ज्या शिक्षकानं ते खोडलं नाही, त्याला आज पारख करणं सोपं जातंय.

तुलनेसाठी, कांद्याच्या घरातला मुलगा हाच विषय हाती धरील तर कसा लिहील, तेही मांडून पाहतो. हाही नमुनाच.

‘मी उन्हाळ कांदा. आधी वाफ्यात उळं टाकलं, मग रोप उपटून लावलं. बाबा म्हणाले यंदा पाणी कमी पडेल, तरी लावलाच. एप्रिलात काढला, पात कापली आणि चाळीत नेऊन टाकला. भाव येईना म्हणून तिथंच पडून होतो. पाऊस सुरू झाल्यावर माझ्या शेजारचा सडला. त्याचं पानी माझ्या अंगावर आलं. मला वाटलं आता आपली पाळी. आजी रोज चाळीपाशी येऊन वास घ्यायची. लिलावाला नेलं तेव्हा गोल्टी बाजूला काढली आणि मला भाव सांगितला तो बाबांना आवडला नाही.’

‘पाणी’चं एका जागी ‘पानी’ झालंय, शेवटचं वाक्य अडखळलंय, कांद्यानं कुठला संदेश दिलेला नाही. पण उळं, चाळ, गोल्टी हे शब्द आपापल्या जागी आहेत, आणि वासावरून सड ओळखणारी आजी कुठल्या यंत्राला सांगितल्याशिवाय सुचली नसती. चाळीतला कांदा सडायला लागला की डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतं, हे त्या घरात राहणाऱ्यालाच ठाऊक. इथल्या निबंधात असा एखादा तपशील सापडला, तर बाकीची भाषा कितीही पुस्तकी असो, मूल त्या निबंधात हजर आहे असं समजायला हरकत नाही.

यातही फसगत होते, म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. काही मुलं यंत्राला ‘ग्रामीण भाषेत लिही’, ‘थोड्या चुका कर’ असं सांगतात. मग ‘लई’, ‘व्हय’, ‘म्या’, ‘पोरा’ अशी सिनेमातली खेडवळ मराठी येते, जी ना निफाडची असते ना नांदगावची. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा बोली, गोदाकाठी वेगळा हेल. यंत्र हे सगळं एका घमेल्यात कालवतं. ज्या शिक्षकाला गावची बोली ठाऊक आहे, त्याला ती कालवाकालव एका ओळीत कळते. दुसरी गोष्ट, मूल स्वतः लिहितं आणि मग ‘शुद्ध करून दे’ म्हणून फोनला देतं. तेव्हा आजी आणि वास तसेच राहतात, पण वाक्यं धुऊन इस्त्री केलेली येतात: ‘माझी आजी दररोज साठवणगृहाजवळ येऊन गंध घेत असे.’ ही चोरी म्हणायची का? मी म्हणणार नाही. आपलं लिहिणं अशुद्ध आहे, या लाजेतून ते झालेलं असतं. अशा मुलाकडून कच्ची वही मागून घ्यावी आणि गुण कच्च्या वहीला द्यावेत. साठवणगृहापेक्षा चाळ हा नेमका शब्द आहे, हे त्याला एकदा वर्गासमोर सांगितलं तर ते पुन्हा फोनकडे जायच्या आधी विचार करेल.

आता सगळ्यात काळजीच्या जागेकडे येऊ. वर सांगितलेल्या खुणा ज्यांच्या वहीत दिसतात, ती सगळी मुलं फोनवाली नसतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या मुलांची घरची भाषा प्रमाण मराठी नाही. त्यांना ही मराठी पाठ्यपुस्तकातूनच मिळाली, म्हणून ती लिहितात तीही पुस्तकासारखीच. वाक्यं आखूड, सुटी, शब्द जड, ‘च’ आणि ‘ना’ गायब. सटाण्याचं अहिराणी बोलणारं मूल शाळेत बोली खोडून घेऊन घेऊन शेवटी इतकं जपून लिहितं की त्याच्या लेखनातला जीवच जातो. आश्रमशाळेतल्या मुलीनं कष्टानं कमावलेलं मराठी यंत्राचं ठरवलं, तर पुन्हा ती कधी मनापासून लिहिणार नाही.

ही भीती उगीच नाही. इंग्रजीत हे घडलेलं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये यंत्रलेखन ओळखणारी सात साधनं तपासली. इंग्रजी ही परभाषा असलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेत स्वतः लिहिलेले ९१ निबंध या साधनांना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. कारण असं की ही साधनं मजकूर किती ‘अंदाज बांधता येण्याजोगा’ आहे हे मोजतात. परभाषेत लिहिणारा माणूस माहीत असलेले, सरळ, सुरक्षित शब्द वापरतो, आणि त्याचाच गुन्हा ठरतो. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं. यंत्रानं लिहिलेल्या इंग्रजी मजकुरापैकी २६ टक्केच ते पकडत होतं, आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरालाही यंत्राचा शिक्का मारत होतं. इंग्रजी सोडून इतर भाषांत ते वापरू नये, असं कंपनीनंच सांगितलं होतं. सहा महिन्यांत, जुलैमध्ये, ते बंद केलं. इंग्रजीची ही अवस्था, तर एखाद्या संकेतस्थळावर मराठी निबंध चिकटवून ‘८७ टक्के यंत्रलिखित’ असा आकडा आला, म्हणून मुलाला वर्गात उभं करणं हा सरळ अन्याय आहे. तो आकडा पालकांच्या सभेतही दाखवू नये.

त्यापेक्षा शिक्षकाच्या टेबलावर एक जास्त भरवशाची गोष्ट पडलेली असते, ती म्हणजे जूनपासूनची वही. जुलैत ज्या मुलानं ‘पाऊस आला आनि आमी भिजलो’ लिहिलं, त्याचं ऑक्टोबरात ‘पर्जन्यवृष्टीमुळे जनजीवन प्रभावित झाले’ आलं, तर बोलायला जागा आहे. पण मुलगी पहिल्यापासूनच जड लिहीत असेल, तर ती तिची पद्धत. दोन वह्या शेजारी ठेवल्याशिवाय एका निबंधावरून काही ठरवू नये. आणि एकाच खुणेवरून तर मुळीच नाही. ‘त्यांच्या’ आणि ‘आपल्या’ची गफलत आजकाल छापील बातमीतही होते, कारण तीही इंग्रजीवरून घाईत केलेली असते. ‘केवळ नाही, तर’ आपल्या वक्त्यांच्या तोंडीही बसलंय. चार-पाच खुणा एकाच पानावर आल्या, त्यात गावचा एकही तपशील नाही, आणि जुनी वही निराळं सांगतेय, एवढं जमलं की मग मुलाला जवळ बोलवावं.

बोलवून विचारायचं काय? ‘हे तू लिहिलंस का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. घाबरलेलं मूल खरं सांगणार नाही आणि खोट्याला तो अडवणार नाही. वही मिटून ठेवायला सांगावं आणि विषयाबद्दल गप्पा माराव्यात. तुमच्याकडे चाळ आहे का रे? सडलेला कांदा कळतो कसा? बाजारस्थिती अस्थिर म्हणजे काय झालं यंदा? ज्यानं लिहिलंय तो बोलायला लागतो, बरेचदा निबंधात नसलेलंही सांगतो. ‘सुनिश्चित म्हणजे काय?’ असंही सहज विचारावं. अर्थ सांगता आला नाही तर तो फसला असं नाही, पण तो शब्द त्याच्याकडे कुठून आला ते कळतं. मग तिथंच, समोर बसवून, जे बोलला तेच पाच ओळींत लिहायला सांगावं. बऱ्याचदा त्या पाच ओळी आधीच्या दोन पानांपेक्षा सरस निघतात, आणि मुलालाही ते दिसतं.

विषय देतानाच थोडा विचार केला तर निम्मा त्रास वाचतो. ‘माझा आवडता सण’ दिला की यंत्राला रान मोकळं. ‘रंगपंचमीला आमच्या गल्लीतली रहाड’ हा विषय जुन्या नाशिकातल्या मुलालाच येईल. शनिचौकाच्या किंवा तिवंध्याच्या रहाडीत कोण उडी मारतं, रंग कशाचा करतात, उकळलेल्या रंगाचा वास कसा येतो, हे तो लिहील. यंत्राला ‘रहाड’ म्हणजे काय हे ऐकून माहीत असेलही, पण तो रंग अंगावरून किती दिवस जात नाही, हे मुलाची आईच सांगेल. दिंडोरीच्या मुलांना ‘छाटणीनंतरचे पंधरा दिवस’ द्या, लासलगावच्या मुलांना ‘लिलावाची सकाळ’, इगतपुरीच्या मुलांना भाताची लावणी. परीक्षेत विषय मंडळाचा असतो हे खरं. पण वर्षभराचा सराव आपल्या हातात आहे, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नसतो.

एक गोष्ट आपल्या बाजूनंही सांगायला हवी. शाळेचा अहवाल, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, पालकांना पाठवायची सूचना, कधी कधी प्रश्नपत्रिकाही आता फोनवरून येऊ लागली आहे. फळ्यावर ‘विद्यार्थ्यांनी त्यांच्या पालकांसोबत उपस्थित राहणे सुनिश्चित करावे’ असं लिहिलं, तर मुलं तेच शिकतील, आणि मग त्यांच्या वहीतली खूण ही खूण राहणार नाही. ‘पालकांना घेऊन या, चुकवू नका’ एवढं फळ्यावर पुरतं.

या लेखातल्या खुणाही कायमच्या नाहीत. यंत्रं सुधारत आहेत, वर्ष-दोन वर्षांत ती ‘आपण’ नीट वापरतील आणि ऊरही भरून आणतील. मुलाच्या चाळीतली आजी आणि त्याची जूनपासूनची वही मात्र तेव्हाही शिक्षकाच्या हाताशी असेल. म्हणून मराठीच्या शिक्षकांना एवढीच विनंती: संशय आला तरी वहीवर लाल शेरा मारू नका, शून्य देऊ नका, वर्गात नाव घेऊ नका. आधी मुलाला शेजारी बसवा, वही मिटायला सांगा, आणि त्याचं म्हणणं त्याच्या घरच्या मराठीत ऐकून घ्या. गुण त्यानंतर द्या.